नव्या फोनच्या पडद्यावरील मृत पट्टी कशी शोधावी

नव्या फोनमध्ये स्पर्शाला दाद न देणारी पडद्यावरील बारीक पट्टी सहसा लवकर लक्षात येत नाही, कारण ती बहुधा कडेला असते आणि आपली बोटे मध्यभागीच वावरतात. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये कॉल लावण्याच्या पडद्यावर पुढील संकेत टाकल्यास, हिरवे बटण न दाबताच, चाचणीचा मेनू उघडतो.

```
*#0*#
```

त्यातील Touch निवडल्यावर पडद्यावर चौकटी दिसतात आणि बोट फिरेल तशा त्या रंगत जातात. जी चौकट पुन्हा पुन्हा घासूनही कोरी राहते, तिथेच दोष आहे.

इतर अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील Build number वर सात वेळा टिचकी मारून Developer options उघडावेत आणि Pointer location सुरू करावे, म्हणजे बोट फिरेल तिथे पडद्यावर रेघ उमटते. आता बोट वरपासून खालपर्यंत सावकाश, न उचलता ओढावे. माझ्या एका फोनवर उजव्या कडेची रेघ दरवेळी कीबोर्डच्या 'बॅकस्पेस'च्या उंचीवरच तुटत होती. चुका खोडताना होणाऱ्या त्रासाचा दोष मी उगाचच स्वतःच्या अंगठ्याला देत होतो. मात्र जाड काच चिकटवलेली असेल तर ती काढूनच निष्कर्ष काढावा.

हीच चाचणी चार्जर लावूनही करावी. बोट नसताना रेघा उमटू लागल्या, तर आधी चार्जर बदलून पाहावा, कारण अशा वेळी फोन निर्दोष असू शकतो. बिघाड पक्का झाल्यास, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, दुसऱ्या फोनने त्या तुटक्या रेघेचे चित्रण करून ठेवावे.