नस जोडायची की थेट इक्सी: डॉक्टरकडे जायच्या आधीची तयारी

माझी नसबंदी झाली 11 वर्षांपूर्वी, पहिल्या लग्नात, तेव्हा वाटलं होतं आता विषय संपला. आता दुसरं लग्न, बायको 34 ची, तिला मूल हवंय आणि खरं सांगायचं तर मलाही हवंय. रस्ते दोन: कापलेली नस ऑपरेशनने परत जोडायची, नाहीतर इक्सी, म्हणजे माझे शुक्राणू सुईने काढून लॅबमध्ये तिच्या अंड्यात टोचायचे. पुण्यात चार ठिकाणी चकरा मारल्यावर जे आधीच करून ठेवायला हवं होतं ते लिहितोय.

सगळ्यात आधी बायकोच्या टेस्ट. मी येडा, स्वतःच्याच फाइल घेऊन फिरत होतो. पण नस जोडली तरी वीर्यात शुक्राणू दिसायला काही महिने जातात, कधी वर्षही, आणि मग दिवस राहायची वाट बघायची ती वेगळीच, तेवढा वेळ तिच्या अंडाशयाकडे आहे का हे आधी कळायला नको? म्हणून तिचं एएमएच, म्हणजे अंडाशयात अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी आणि नळ्या मोकळ्या आहेत का हे बघून घ्या. नळ्या बंद असतील तर नस जोडून उपयोग शून्य, सरळ इक्सी. आम्हाला वेटिंगमध्ये एक जोडपं भेटलं, ती 40 ची, एएमएच कमी, त्यांना डॉक्टरांनी वाट बघूच नका म्हणून सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

मग तुमचे कागद. नसबंदीचं सर्टिफिकेट शोधा, तारीख लागते. 1991 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास आला होता, त्यात 9 ते 14 वर्षं झालेल्यांमध्ये ऑपरेशननंतर 79 टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परत आले, पण बायकोला दिवस राहिले ते 44 टक्क्यांच्याच. 3 वर्षांच्या आत जोडलेल्यांमध्ये हेच आकडे 97 आणि 76 होते. म्हणजे नस उघडणं आणि बाळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी, डॉक्टर टक्के सांगतील तेव्हा कशाचे ते विचारा. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर आत्ताच सांगा, त्याने शुक्राणू बनणंच बंद पडतं आणि मग दोन्ही रस्ते अडतात.

आता सर्जनला विचारायचा खरा प्रश्न. नस बांधली तरी मागे शुक्राणू बनत राहतात, दाब वाढतो आणि वर्षं गेली की अंडकोषाला चिकटलेली ती बारीक गुंडाळीची नळी, एपिडिडिमिस, कुठेतरी फुटून तिथे दुसरा ब्लॉक होतो. हे आधी सोनोग्राफीत नक्की कळत नाही, टेबलवर कळतं. नस कापल्यावर जे पाणी येतं ते तिथेच मायक्रोस्कोपखाली बघतात: पातळ असेल, शुक्राणू दिसले तर नसेला नस जोडायची, टूथपेस्टसारखं घट्ट आणि शुक्राणूच नाहीत तर नस थेट एपिडिडिमिसला जोडावी लागते, जे बरंच अवघड काम आहे आणि सगळ्यांना जमत नाही. म्हणून आधीच विचारा, "डॉक्टर, तशी वेळ आली तर ते तुम्ही त्याच बैठकीत करता का?" एका ठिकाणी मला "बघू तेव्हा" असं उत्तर मिळालं, मी तिथून उठलो. दुसरं, त्याच वेळी शुक्राणू फ्रीझ करून ठेवायला सांगा, आणि ते ठेवायची सोय कुठे आहे हे आधी ठरवा, ऑपरेशनच्या सकाळी नाही.

इक्सीची बाजू पण समजून घ्या. सुईने शुक्राणू काढणं तुमच्यासाठी तासाभराचं काम, नसबंदीनंतर ते बहुतेक वेळा मिळतात. पण ते थोडे असतात आणि नीट पोहत नाहीत, म्हणून साधं आययूआय, म्हणजे शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडणं, चालत नाही, प्रत्येक अंड्यात एक टोचावाच लागतो. इंजेक्शनं 10-12 दिवस, अंडी काढणं, सगळं तिच्या अंगावर. आणि दुसरं मूल हवं तर फ्रीझ केलेले भ्रूण उरले नसतील तर पुन्हा तेच. एक लक्षात ठेवा, 2021 च्या कायद्याने बाईला 50 आणि पुरुषाला 55 ची मर्यादा आहे.

आमचं गणित असं झालं: ती 34, एएमएच चांगलं, नळ्या मोकळ्या, दोघांनाही दोन मुलं हवीत, म्हणून नस जोडायचं ठरलं. उजवीकडे पाणी पातळ निघालं, डावीकडे घट्ट, तिथे एपिडिडिमिसला जोडलं. घरी लंगोट घालून झोपणं, तीन-चार आठवडे संबंध नाहीत, वजन उचलायचं नाही, आणि सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून टू-व्हीलर तर अजिबात नाही, महिनाभर रिक्षा केली.

सहा आठवड्यांचा रिपोर्ट शून्य आला, ती रडली, मी नाही रडलो पण जेवलो पण नाही. तिसऱ्या महिन्यात शुक्राणू दिसले, थोडे पण हलणारे. डॉक्टर म्हणाले सहाव्या महिन्याला परत बघू, कारण नंतर जोड आकसूही शकतो. तोवर फ्रीझच्या कुप्यांचं भाडं भरतोय.