गजबजलेल्या चार्टमधली एक रेषा ठळक कशी करावी

समजा, तक्रारी कोणत्या मार्गाने येतात याचा वर्षभराचा चार्ट एक्सेलमध्ये काढला आहे. फोन, ईमेल, ॲप, काउंटर आणि पत्र अशा पाच रंगांच्या पाच रेषा, मागे आडव्या ग्रिडलाइन आणि खाली लेजंड. सांगायचं एवढंच आहे की ॲपवरच्या तक्रारी जानेवारीत ४० होत्या, त्या डिसेंबरमध्ये ११० झाल्या. बाकीच्या चार रेषा जवळपास सपाट आहेत.

बरेच जण आधी लेजंड उडवतात आणि मग कोणती रेषा कशाची हेच कळेनासं होतं. म्हणून लेजंडचं काम आधी रेषेलाच द्या. ॲपच्या रेषेवर एकदा क्लिक केलं की पूर्ण रेषा निवडली जाते. मग शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक करा, म्हणजे तेवढा एकच बिंदू निवडलेला राहील. आता राइट क्लिक करून `Add Data Label` घ्या. आलेल्या लेबलच्या `Format Data Labels` मध्ये `Series Name` आणि `Value` दोन्हींवर खूण ठेवा आणि जागा `Right` करा. बारा महिन्यांचे बारा आकडे उमटले, तर बिंदूऐवजी अख्खी रेषा निवडली गेली होती असं समजा. `Ctrl+Z` दाबून पुन्हा करा. लेबल कडेला कापलं जात असेल, तर आतला प्लॉट एरिया उजवीकडून थोडा आत ओढा.

बाकीच्या चार रेषांनाही शेवटी फक्त नाव द्या, मग त्या सगळ्या एकाच फिकट राखाडी रंगात आणि १ पॉइंट जाडीत आणा. ॲपची रेषा गडद आणि ३ पॉइंट ठेवा. जाडीतला हा फरक कृष्णधवल छपाईतही टिकतो. राखाडी रेषा तिच्यावरून जात असेल, तर `Select Data` मध्ये ॲपची मालिका यादीत सर्वांत खाली न्या. शेवटची मालिका सर्वांत वर काढली जाते.

आता लेजंडवर एकदाच क्लिक करून `Delete` दाबा. दुसऱ्यांदा क्लिक केलं, तर त्यातली एकच नोंद निवडली जाते आणि तेवढीच पुसली जाते.

ग्रिडलाइनचं काम उंची वाचायला मदत करणं. पहिल्या बिंदूलाही `Value` लेबल दिलं की ४० आणि ११० थेट दिसतात. मग एका ग्रिडलाइनवर क्लिक करून `Delete` दाबलं की सगळ्या जातात. उभा अक्ष मात्र मी ठेवतो, कारण तो शून्यापासून सुरू होतो की नाही हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. प्रत्येक महिन्याचा आकडा वाचून ज्यांना काम करायचं आहे, त्यांच्यासाठी ग्रिडलाइन काढू नका, फक्त अगदी फिकट करा.

दोन राखाडी रेषा शेजारी संपल्या तर त्यांची नावं एकमेकांवर चढतात. तेव्हा एक लेबल ओढून थोडं वर सरकवा. चारही रेषा एकत्र गुंतल्या असतील, तर वेगवेगळी नावं काढून ‘इतर मार्ग’ असं एकच लेबल पुरतं.