नियतकालिक लिफो: आधी शिल्लक माल मोजा

लिफो म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरण्याची पद्धत. नियतकालिक लिफोत विक्रीच्या तारखा पाहत बसू नका. महिनाअखेरची शिल्लक आधी मोजा आणि तिला सर्वांत जुन्या मालापासून दर लावा.

समजा, सुरुवातीचा साठा १०० नग, दर १०. नंतर १०० नग १२ ने आणि १०० नग १५ ने घेतले. एकूण ३०० नग, किंमत ३,७००. विकले २२०, उरले ८०. लिफोत हे ८० नग १० च्या दराचे, म्हणजे ८००. विकलेल्या मालाची किंमत ३,७०० − ८०० = २,९००. फिफोत, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरलं तर, तेच ८० नग १५ च्या दराने १,२०० चे होतात, म्हणून किंमत २,५०० येते. नग २० ला विकला तर विक्री ४,४००. ढोबळ नफा लिफोने १,५००, फिफोने १,९००. फरक ४००, आणि अखेरच्या साठ्यातला फरकही नेमका ४००च. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर कुठेतरी चुकलं आहे.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथे: १५ चा माल शेवटच्या विक्रीनंतर आला असला, तरी या पद्धतीत तो आधी विकला गेला असंच धरायचं. तारखेनुसार थर काढलेत, तर ती निरंतर पद्धत झाली आणि उत्तर वेगळं येऊ शकतं.