एथिक्सच्या केस स्टडीत साचा भरताना या चुका टाळा

निपाणी, खानापूर आणि बेळगाव शहरातली काही मुलं मराठी माध्यम घेऊन यूपीएससीची मुख्य परीक्षा देतात. त्यांचे जीएस-४ चे सरावाचे पेपर माझ्याकडे तपासायला येतात. केस स्टडीचं पान उघडलं की बहुतेक वेळा तीच चौकट दिसते: वर हितसंबंधी, खाली नैतिक पेच, मग मूल्यं आणि शेवटी समतोल मार्ग. चौकट वाईट नाही. २५० गुणांच्या पेपरात सहा केस स्टडींना मिळून १२० गुण असतात, आणि घाईत एखादी बाजू सुटू नये म्हणून ती हवीच. पण मुलं केस नीट वाचायच्या आधीच चौकट भरायला घेतात, आणि मग कुठल्याही केसला चालेल असं उत्तर तयार होतं.

हे एका केसवरून दाखवतो. ती मी मुद्दाम आपल्या सीमाभागातली रचली आहे, कारण विषय घरचा असला की आपल्या चुका जास्त उघड्या पडतात.

केस अशी आहे

तुम्ही नवे आयएएस अधिकारी आहात आणि कृष्णाकाठच्या एका उपविभागाचे असिस्टंट कमिशनर म्हणून रुजू झाला आहात. पूर ओसरला आहे. पडलेल्या घरांच्या मदतीसाठी सात दिवसांत अर्ज मागवणारी नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर फक्त कन्नडमध्ये लागली. एका गावातल्या चाळीस मराठी भाषक घरांपर्यंत ती पोचलीच नाही. मुदत संपल्यावर चार दिवसांनी ते लोक मराठीत अर्ज घेऊन आले. कारकुनाने "कन्नडमध्ये लिहून आणा, आणि तसंही मुदत संपली" म्हणून अर्ज परत केले. तलाठी सांगतो की चाळीसपैकी काही घरांना पाणी लागलंच नव्हतं. वरिष्ठ फोनवर म्हणतात, "भाषेच्या भानगडीत पडू नका, यादी पाठवून मोकळे व्हा." दोन्ही भाषांच्या संघटनांनी कचेरीपुढे धरणं धरण्याची निवेदनं दिली आहेत. तुम्ही काय कराल?

चूक पहिली: कायद्याने सुटलेली गोष्ट पेच म्हणून मांडणं

ही केस मी दिली तेव्हा जवळजवळ प्रत्येक उत्तरात पहिला पेच एकच होता, "राज्याची राजभाषा विरुद्ध भाषिक अल्पसंख्याकांच्या भावना". त्यावर शंभर-सव्वाशे शब्द खर्च झाले होते. खानापूरच्या एका मुलीने तर पानभर लिहिलं होतं, आणि ते मनापासून लिहिलं होतं. तिच्या आजीला कन्नड नोटीस वाचता येत नाही, हे ती रोज पाहते.

पण अर्ज कुठल्या भाषेत द्यावा हा इथे पेच नाही. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं दूर करून घेण्यासाठी कुणालाही संघराज्याच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे मराठी अर्ज भाषेच्या कारणावरून परत करणंच चुकीचं होतं. ते दोन ओळींत लिहा, अर्ज त्याच दिवशी दाखल करून घेण्याचा आदेश द्या आणि पुढे चला.

नोटिशीच्या भाषेचा मुद्दा थोडा वेगळा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत असं आहे की स्थानिक लोकसंख्येत १५ टक्के किंवा जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. हे मान्य झालेलं धोरण आहे, कलम ३५० हा घटनेने दिलेला हक्क आहे. दोन्हींना एकच वजन देऊन "घटनेचं उल्लंघन झालं" असं लिहिलं की जाणकार परीक्षकाला खटकतं.

पेच ओळखायची खूण सोपी आहे. दोन पर्यायांपैकी एक उघडउघड बेकायदा असेल, तर तो मोह किंवा दबाव असतो. दोन्ही पर्यायांच्या मागे खरं, न्याय्य कारण असेल आणि कुठलाही निवडला तरी कुणाचं तरी नुकसान होत असेल, तर तो पेच. या केसमध्ये खरा पेच मुदतीचा आहे. ज्यांनी सात दिवसांत धावपळ करून अर्ज दिले त्यांच्याशी समान वागणूक हवी, म्हणून मुदत पाळायची. पण सूचना समजलीच नाही तर मुदतीला अर्थ काय? दुसरा पेच वेगाचा. यादी आज गेली तर बाकी गावांचे पैसे लवकर येतील, थांबवली तर त्यांचे अडतील. आणि तपासणी न करता चाळीस घरं घातली तर कोरड्या घरांनाही पैसे जातील. वरिष्ठांचा फोन हा तिसरा पेच वाटतो, पण तो दबाव आहे. त्याचं उत्तर पुढे येतं.

चूक दुसरी: हितसंबंधींची हजेरी घेणं

"समाज, शासन, माध्यमं, देश" ही चार नावं कुठल्याही उत्तरात चालतात, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहायची सवय लावा: याचं काय जाऊ शकतं, आणि याच्या हातात काय आहे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते नाव खोडा.

असं केलं की या केसमध्ये न दिसणारी माणसं दिसू लागतात. त्याच गावातली कन्नड भाषक घरं, ज्यांनी वेळेत अर्ज दिले आणि आता यादी थांबली तर ज्यांची मदत लांबेल. तलाठी, कारण कुठली घरं कोरडी होती हे त्यालाच माहीत आहे, आणि धरण्याला बसलेल्यांचा राग पहिला त्याच्यावर निघेल. कारकून, ज्याने कदाचित ठरलेली पद्धत म्हणूनच अर्ज परत केला. आणि चाळीस घरांतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया, ज्यांच्या वतीने कुठलीच संघटना निवेदन देत नाही. निपाणीच्या एका मुलाने या बायांचा उल्लेख केला होता, आणि मग समतोल मार्गात त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून घ्यायची तरतूदही केली होती. हितसंबंधींची यादी पुढच्या कृतीला अशी जोडलेली असली की तिचे गुण मिळतात.

चूक तिसरी, आणि आपल्या भागाची खास: अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून उठून गावकऱ्याच्या ओट्यावर बसणं

हे मी जरा काळजीने लिहितो. सीमाप्रश्न आपल्या घराघरात आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि मुलं या दोन्ही तारखा शाळेच्या वयापासून ऐकत आली आहेत. अशी केस समोर आली की दोनपैकी एक होतं. काही जण आंदोलनाच्या पत्रकासारखं उत्तर लिहितात. काही जण घाबरून भाषेचा शब्दच टाळतात आणि "संवेदनशील मुद्दा असल्याने शांतता राखेन" एवढ्यावर थांबतात. एक मुलगा मला म्हणाला, "सर, मराठीची बाजू घेतली तर परीक्षक गुण कापेल काय?" बाजू घ्यायचीच नाही, हे त्याचं उत्तर. उत्तरात सीमाप्रश्नाचा निकाल लावायचा नाही. नोटीस न वाचता आलेल्या चाळीस कुटुंबांच्या मदतीचा निकाल लावायचा आहे. हीच केस उलटी करून पाहा: गाव महाराष्ट्राच्या बाजूचं, नोटीस फक्त मराठीत, अर्ज घेऊन आलेले लोक कन्नड बोलणारे. तुमचं उत्तर शब्दाला शब्द तेच राहतं का? राहत नसेल तर तिथे निःपक्षपातीपणा निसटला आहे. ती जागा शोधून दुरुस्त करा.

चूक चौथी: मूल्यांची माळ

"सचोटी, करुणा, पारदर्शकता, उत्तरदायित्व, वस्तुनिष्ठता" अशी एक ओळ लिहून मुलं पुढे जातात. मूल्य कृतीच्या वाक्यात आलं पाहिजे. "तपासणीची यादी दोन्ही भाषांत फलकावर लावेन, म्हणजे कोरड्या घराचा दावा गावानेच खोडता येईल" या वाक्यात पारदर्शकता आहे, आणि तो शब्द न लिहिताही ती दिसते.

चूक पाचवी: समतोल म्हणजे निम्मं निम्मं

"समिती नेमेन आणि दोन्ही बाजूंना समजावेन" हे सर्वांत जास्त येणारं उत्तर. त्यात निर्णय नाही. समतोल कामाच्या क्रमात दाखवावा लागतो. या केससाठी मी मुलांकडून असं उत्तर लिहून घेतलं:

"आजच मराठी अर्ज दाखल करून पोच देईन. बाकी गावांची तयार यादी अडवणार नाही, ती पाठवीन आणि या गावासाठी पुरवणी यादी येईल असं त्याच पत्रात कळवीन. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवर माझा प्रस्ताव व कारणं लेखी पाठवून लेखी आदेश मागेन. पुढच्या तीन दिवसांत तलाठी आणि शेजारच्या गावचा एक कर्मचारी मिळून चाळीसही घरांची फोटोसह पाहणी करतील. मुदतवाढ फक्त मराठी भाषकांना नाही, तर सूचना न पोचलेल्या कुणालाही असेल. दोन्ही संघटनांना पाहणीचं वेळापत्रक एकत्र बसून सांगेन. यात पुरवणी यादीला काही दिवसांचा उशीर होईल, तो मी मान्य करतो."

लेखी आदेश मागण्याला आधार आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठांचे आदेश साधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घ्यावी, असं म्हटलं आहे. "वरिष्ठांना ठाम नकार देईन" असं बाणेदार वाक्य लिहिण्यापेक्षा हे जास्त वजनदार आहे.

शेवटचं वाक्यही मुद्दाम आहे. प्रत्येक मार्गाची काहीतरी किंमत असते. ती उत्तरात न दिसणं हे साचा न विचारता भरल्याचं लक्षण आहे.

वेळ आणि प्रश्नाचा शेवट

तीन तासांत २५० गुण म्हणजे २० गुणांच्या केसला साधारण चौदा मिनिटं मिळतात. त्यातली तीन वाचायला ठेवा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, उत्तर मराठीत लिहायचं असतं. त्यामुळे वाचतानाच समासात मराठीत दोन गोष्टी टिपा: कुठली गोष्ट कायद्याने सुटलेली आहे, आणि कुठली खरोखर अडलेली आहे. मग केसच्या शेवटी काय विचारलंय ते पुन्हा पाहा. "पर्यायांचे गुणदोष सांगा" विचारलं असेल आणि तुम्ही हितसंबंधींच्या तक्त्यात सहा मिनिटं घातली, तर तक्ता कितीही नेटका असला तरी गुण जातात. अशा वेळी हितसंबंधी दोन ओळींत आटपा आणि उरलेली जागा पर्यायांना द्या.