वाढत्या शेअरची किंमत काढताना: लाभांशाची रीत आणि पी/ई एकमेकांशी कसे जुळवावे

वाढत्या कंपनीवरच्या गणितात सूत्र बहुतेकांना येते. उत्तर चुकते ते आकडा कोणत्या वर्षाचा आहे हे न पाहिल्यामुळे. एक उदाहरण सोडवून पाहू.

नुकत्याच संपलेल्या वर्षात कंपनीचे प्रति शेअर उत्पन्न (ईपीएस) २० रुपये होते. त्यातले ४० टक्के ती लाभांश म्हणून वाटते आणि उरलेले ६० टक्के धंद्यात ठेवते. भांडवलावर तिला २० टक्के परतावा मिळतो. गुंतवणूकदाराची अपेक्षा १६ टक्क्यांची आहे. हे सगळे दर कायम राहतील असे धरू.

आधी वाढीचा दर काढा. राखून ठेवलेला हिस्सा गुणिले भांडवलावरचा परतावा, म्हणजे ०.६० × २० = १२ टक्के. गणितात हा दर बहुधा दिलेला नसतो, तो असा शोधावा लागतो.

आता लाभांश. संपलेल्या वर्षाचा लाभांश ८ रुपये झाला, पण तो वाटून झाला आहे. आज शेअर घेणाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षीचा पडेल: ८ × १.१२ = ८.९६ रुपये. सूत्रात हाच घालायचा. त्यात P0 म्हणजे आजची किंमत, D1 म्हणजे हा पुढचा लाभांश, k म्हणजे गुंतवणूकदाराला अपेक्षित परतावा आणि g म्हणजे वाढीचा दर.

```
P0 = D1 / (k - g) = 8.96 / (0.16 - 0.12) = 224
```

इथे ८ घातले तर उत्तर २०० येते. प्रश्नात ‘नुकताच दिला’ असे असेल तर वाढवून घ्या. ‘पुढच्या वर्षी देईल’ असे असेल तर पुन्हा वाढवू नका.

हेच उत्तर पी/ईने, म्हणजे किंमत प्रति शेअर उत्पन्नाच्या किती पट आहे त्यावरून, तपासता येते. लाभांशाचा हिस्सा भागिले दरांतला फरक: ०.४० ÷ ०.०४ = १० पट. ही पट पुढच्या वर्षीच्या उत्पन्नावरची आहे. ते उत्पन्न २२.४० रुपये, म्हणून किंमत पुन्हा २२४ येते. संपलेल्या वर्षाच्या २० रुपयांवर मोजली तर पट ११.२ होते. १० पटीला २० ने गुणले, की तोच २०० चा चुकीचा आकडा हाती येतो.

या २२४ मध्ये वाढीचा वाटा किती? पुढच्या वर्षापासून सगळे उत्पन्न वाटून टाकले आणि वाढ थांबली, तर किंमत २२.४० ÷ ०.१६ = १४० रुपये. म्हणजे ८४ रुपये वाढीचे. मला या गणिताचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वाढ झाली की किंमत वाढतेच असे नाही, हे तो दाखवतो. भांडवलावरचा परतावा २० ऐवजी १६ टक्के घ्या. वाढ ९.६ टक्के राहते, पुढचे उत्पन्न २१.९२, लाभांश ८.७६८ आणि किंमत १३७ रुपये. वाढ नसतानाची किंमतही २१.९२ ÷ ०.१६ = १३७ च. कंपनी वाढतेय, तरी वाढीचा वाटा शून्य.

मूळ उदाहरणात अपेक्षा फक्त १५ टक्के केली, तर २२४ चे जवळपास २९९ होतात, कारण छेद ०.०४ वरून ०.०३ वर येतो. वाढीचा दर अपेक्षेइतका किंवा जास्त असेल, तर हे सूत्र लागूच होत नाही. तिथे वेगवान वाढीच्या वर्षांचे लाभांश एकेक करून आजच्या मूल्यात आणावे लागतात आणि वाढ मंदावल्यानंतरच्या वर्षांसाठीच हे सूत्र वापरायचे.