गुड मॉर्निंगच्या चित्रातली शुभेच्छा एका ओळीत मराठीत कशी आणावी

आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनीच्या कानपूरच्या माहेरून रोज हिंदी चित्रं येतात, ऐरोलीच्या काकांकडून इंग्रजी. ठाण्यात खारकर आळीत राहणाऱ्या माझ्या आईसाठी मी प्रत्येकाखाली मराठी ओळ टाकते.

आधी चित्र पूर्ण वाचा. गुलाब, चहाचा कप, उगवता सूर्य आणि ‘सुप्रभात’ यांना ओळीत जागा देऊ नका, ते चित्रात दिसतंच.

आता खरं काम. यात मागणं काय आहे ते शोधायचं. मला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण मजकूर चार ओळींचा असला तरी मागणं एखाद-दुसरंच असतं. उदाहरणार्थ हे चित्र घ्या: ‘ईश्वर आपको वह सब दे जिसकी आपको आवश्यकता है, और उन सबसे दूर रखे जो आपके लिए उचित नहीं। आपका दिन मंगलमय हो।’ शब्दाला शब्द लावत गेलात तर ‘ईश्वर आपणास ते सर्व देवो ज्याची आपणास आवश्यकता आहे’ असं होतं. ‘ते सर्व, ज्याची’ हा सांगाडा हिंदीचा आहे. शिवाय घरातल्या माणसाला ‘आपणास’ म्हटलं की लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं. यात मागणी दोनच आहेत, काहीतरी मिळावं आणि काहीतरी टळावं. म्हणून ओळ झाली: ‘हवं ते मिळो, नको ते टळो.’ देवाचं नाव गाळलं तरी चालतं, कारण ‘मिळो’, ‘टळो’ या रूपांतच मागणं आहे. ‘इडा पिडा टळो’ म्हणत आलेल्या आईला ते वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजी चित्रांत आनंद, शांती, समृद्धी अशी यादी असते. ‘तुमचा दिवस आनंदाने आणि आशीर्वादांनी भरलेला असो’ असं कृपा करून लिहू नका. ‘आजचा दिवस सुखाचा जावो’ एवढं पुरतं.

हिंदीत ओळखीचे दिसणारे शब्द फसवतात. तिकडची ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, तिकडचा ‘संसार’ म्हणजे जग. ‘रोजची सकाळ नवी शिक्षा घेऊन येते’ असं आईला पाठवलंत तर ती घाबरेल.

ओळ तयार झाली की मोठ्याने म्हणा. निरोप देताना दारात उभी राहून आत्या असं म्हणेल का? नसेल म्हणत, तर बदला. पाच-सहा शब्दांच्या वर गेली तर बहुधा दोन शुभेच्छा एकत्र झाल्यात. मोठी ठेवा, दुसरी सोडा.

मग त्याच चित्राला रिप्लाय करून टाका, नाहीतर दहा चित्रांत ओळ कुठली हे कळत नाही. गुरुवारी दत्ताचं चित्र असेल तर शेवटी ‘श्री गुरुदेव दत्त’ जोडा. ग्रुपमधल्या कुणाकडे सुतक असेल तेव्हा मात्र ‘मंगल’, ‘आनंद’ काहीच नको. त्या दिवशी चित्र आलं तरी खाली ओळ टाकू नका, त्या घरी फोन करा.