शेताच्या जाळीच्या कुंपणाचा हिशेब : लांबी, खांब आणि काटेरी तारेच्या ओळी ठरवताना या चुका टाळा

पुणे जिल्ह्यात शेताला चेन लिंक जाळीचे कुंपण घालायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा "किती एकर आहे?" असा विचारला जातो आणि त्या एका आकड्यावरून अंदाजपत्रक तयार होते. कुंपण मात्र क्षेत्राला नव्हे, क्षेत्राच्या घेराला लागते, आणि तितक्याच क्षेत्राचा घेर शेताच्या आकारानुसार बराच बदलतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर मिळतात, आकार मिळत नाही. त्यामुळे सातबारा पाहून जाळी मागवणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

शिरूर किंवा दौंडकडे वाटण्या होऊन उरलेल्या लांबट पट्ट्याचे उदाहरण घेऊ. समजा शेत 2 एकर, म्हणजे 80 गुंठे आहे. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. शेत रस्त्याच्या बाजूला 132 फूट रुंद आणि आत 660 फूट खोल असेल, तर 33 फुटांच्या साखळीने ते 4 बाय 20 साखळ्या भरते आणि 80 गुंठ्यांचा हिशेब बरोबर जुळतो. त्याचा घेर 1,584 फूट येतो. हेच 80 गुंठे चौरस असते, तर घेर साधारण 1,181 फूटच आला असता. ठेकेदाराने चौरस गृहीत धरून दर सांगितला असेल, तर काम अर्ध्यावर आल्यावर 400 फूट जाळी कमी पडते आणि उरलेला माल वाढीव दराने, बहुतेक वेळा वेगळ्या गेजमध्ये, आणावा लागतो.

म्हणून मोजणीच्या खुणा निश्चित झाल्यावर प्रत्येक बाजू टेपने वेगवेगळी मोजून कागदावर लिहावी. मोबाईलवर हद्द फिरून काढलेल्या आकड्यात प्रत्येक कोपऱ्याला काही मीटरचा फरक पडू शकतो, त्यामुळे त्यावर खरेदी करू नये. उताराची भीती मात्र अनेकजण उगाच बाळगतात : 100 फुटांत जमीन 10 फूट चढली, तरी लांबी जेमतेम अर्धा फूट वाढते. आपल्या उदाहरणात 12 फुटांचे फाटक वजा केले की जाळी 1,572 फूट लागेल, म्हणजे 50 फुटांचे 32 रोल. दोन रोल जोडताना जाळी एकमेकींवर चढवून बांधण्याची गरज नसते. एका रोलच्या टोकाची नागमोडी तार फिरवून बाहेर काढावी आणि दोन्ही कडांमधून तीच पुन्हा ओवावी. जोड ओळखूही येत नाही आणि मालही वाया जात नाही. रोल जास्त लांब पुरावा म्हणून जाळी अवाजवी ओढली, तर चौकटी आडव्या पसरतात आणि उंची घटते. 5 फुटी जाळी लावल्यानंतर उंची पुन्हा मोजली की ही लबाडी लगेच उघड होते.

खांबांची संख्या

दर 10 फुटांवर एक खांब धरून 1,572 भागिले 10 करून 157 खांब लिहून देणे ही सर्रास दिसणारी दुसरी चूक आहे. भागाकार प्रत्येक बाजूचा स्वतंत्र करावा लागतो, कारण कोपऱ्यावर खांब आलाच पाहिजे. 660 फुटांच्या प्रत्येक बाजूत 10 फुटांचे 66 गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, बसतात. मागच्या 132 फुटांत 13 गाळे करून 2 फूट उरवण्यापेक्षा 14 सारखे गाळे करावेत. पुढच्या बाजूला फाटक सोडून 120 फुटांचे 12 गाळे आणि फाटकाचा एक गाळा येतो. एकूण गाळे 159. कुंपण बंदिस्त असल्यामुळे खांबही 159 च, आणि फाटकाचे दोन्ही खांब त्यातच आले.

खरी तूट येते ती टेकूंची. जाळी आणि तारा ताणल्या की कोपऱ्याचा खांब दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो, म्हणून त्याला दोन टेकू हवेत. चार कोपऱ्यांचे 8, फाटकाच्या खांबांचे 2, आणि लांब बाजूंवर साधारण 110 फुटांवर एक याप्रमाणे येणाऱ्या 10 ताण-खांबांना दोन्ही दिशांनी मिळून 20, असे 30 टेकू होतात. म्हणजे मागवायचे नग 189 आहेत, 157 नव्हेत.

टेकू कोणत्या बाजूला लावायचा, यातही गफलत होते. ज्या दिशेने तार खांबाला ओढते, त्याच दिशेला, कुंपणाच्याच रेषेत, खांबाच्या वरच्या भागापासून जमिनीकडे तिरका टेकू द्यायचा असतो, म्हणजे तो दाबला जाऊन खांब थोपवतो. कुंपणाला आडवा लावलेला टेकू या ओढीपुढे निरुपयोगी असतो. कोपऱ्याजवळच्या पहिल्या दोन-तीन गाळ्यांतच जाळीला झोळ आला असेल, तर तार पुन्हा ताणण्याआधी कोपऱ्याच्या खांबाला ओळंबा लावून पाहावा. खांब झुकलेला असेल, तर तार कितीही ओढली तरी झोळ परत येतो. पायाच्या काँक्रीटला आठवडाभर पाणी देण्याआधीच ताण दिल्यास हीच अवस्था होते.

काटेरी तारेच्या ओळी आधी ठरवाव्यात

सिमेंटच्या खांबाला तारेसाठीची भोके ओतकामाच्या वेळीच पडतात. खांब आल्यावर "वर अजून दोन ओळी घ्या" असे सांगितले, की ती तार बाइंडिंग वायरने खांबाभोवती गुंडाळली जाते आणि कालांतराने खाली घसरते. शिवाय उंचीच शिल्लक नसते. 5 फूट जाळी, तिच्यावर दोन ओळींसाठी 1 फूट आणि जमिनीत 2 फूट, असा 8 फुटी खांब लागतो. पण स्वस्त पडतो म्हणून 7 फुटी घेतला जातो आणि ती तूट खड्ड्यातून भरून काढली जाते. दौंड-बारामतीच्या काळ्या जमिनीत हे मुळीच चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दीड फुटावर रोवलेला खांब हलवून सैल करते. तेथे अडीच फूट खोली घ्यावी आणि त्यासाठी लागल्यास वरची एक ओळ सोडावी. पुरंदरच्या घट्ट मुरमात 2 फूट पुरतात.

रानडुकरांचा त्रास असल्यास वरच्या दोन ओळींपेक्षा जाळीच्या खालच्या कडेला जमिनीलगत बांधलेली एक ओळ अधिक उपयोगी पडते, कारण डुक्कर जाळी खालून उचलून आत शिरते. ओढ्याच्या घळीत जाळी सरळ ताणली की खाली पोकळी राहते; तेथे गाळा 5-6 फुटांचा करून जाळी जमिनीच्या उतरणीप्रमाणे खाली घ्यावी.

तीन ओळी धरल्या, तर 4,716 फूट, म्हणजे सुमारे 1,437 मीटर काटेरी तार लागते. बांधणी आणि टोकांसाठी पाच टक्के वाढवून 1,510 मीटर धरावी. तार किलोवर विकली जाते आणि 12 गेजची तार किलोला साधारण 8 ते 10 मीटर भरते, त्यामुळे हीच लांबी 151 किलोतही बसू शकते किंवा 189 किलोपर्यंतही जाऊ शकते. दुकानात 10 मीटर तार मोजून तिचे वजन करून घेतले, की नेमका आकडा मिळतो. जाळीतून ओवायच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या साध्या तारा या हिशेबात येत नाहीत. त्याही 1,437 मीटर लागतात आणि 10 गेजची तार किलोला सुमारे 15 मीटर भरत असल्याने 96 किलोच्या आसपास होतात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे पावती तपासताना ध्यानात ठेवावे : 10 गेज 3.25 मिलिमीटर, तर 12 गेज 2.64 मिलिमीटर असते, आणि साध्या तारेत तेवढ्याच लांबीला दुसरीचे वजन पहिलीच्या जवळपास दोन तृतीयांशच भरते.